ज्येष्ठ नागरिक बचत योजना : तिमाही व्याज आणि टीडीएसचा ताळा

केंद्र सरकारची ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ मध्ये सुरू झाली आणि आता ती २०१९ च्या नियमांनुसार चालते. साठ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला पोस्टात किंवा अधिकृत बँकेत पाच वर्षांसाठी जास्तीत जास्त ३० लाख रुपये ठेवता येतात. १ एप्रिल २०२३ पूर्वी ही मर्यादा १५ लाखांची होती. या योजनेत व्याज मुद्दलात मिसळत नाही, दर तिमाहीला ते ठेवीदाराच्या बचत खात्यात येऊन पडते. त्यातून टीडीएस, म्हणजे उगमातच कापलेला कर, वजा झालेला असला तर खात्यात उरलेली रक्कम तेवढी दिसते. कापलेला आकडा मात्र शोधावा लागतो.

पुण्यात ही खाती साधू वासवानी चौकाजवळच्या जीपीओत आहेत, लक्ष्मी रस्त्यावरच्या सिटी पोस्टात आहेत, तशीच पेठापेठांतल्या आणि उपनगरांतल्या छोट्या डाकघरांत व बँकांच्या शाखांतही आहेत. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी या महिन्यांच्या सुरुवातीला पासबुक भरून घ्यायला आलेल्या मंडळींत हमखास एक संवाद ऐकू येतो, ‘तुमचे किती आले?’ या प्रश्नापासूनच बराचसा घोळ सुरू होतो.

याचे कारण असे, की खाते ज्या दिवशी उघडले त्या दिवशीचा दर त्या खात्याला पाच वर्षे चिकटून राहतो. एप्रिल २०२० ते सप्टेंबर २०२२ या काळात दर ७.४ टक्के होता. पुढे तो ७.६, मग ८ टक्के झाला आणि एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे. आता दोन शेजारी घेऊ. दोघांचेही १५ लाख रुपये आहेत. एकाने २०२१ मध्ये ७.४ टक्क्यांनी ठेवले आणि कर कापू नये म्हणून अर्ज दिलेला आहे, त्याला तिमाहीला २७,७५० रुपये मिळतात. दुसऱ्याने २०२४ मध्ये ८.२ टक्क्यांनी ठेवले. त्याचे तिमाही व्याज ३०,७५० रुपये, त्यातून १० टक्के म्हणजे ३,०७५ रुपये कापले गेले आणि हाती आले २७,६७५. फरक अवघा ७५ रुपयांचा. दुसऱ्याला वाटते, शेजाऱ्याइतकेच आले, सगळे ठीक आहे. प्रत्यक्षात त्याचे तीन हजारांवर रुपये कापले गेलेले असतात. म्हणून आकड्याची तुलना शेजाऱ्याशी करण्यात अर्थ नाही, ती स्वतःच्या हिशेबाशी करायची. मुद्दल गुणिले दर भागिले चार, बस. पहिली आणि शेवटची तिमाही तेवढी या हिशेबात बसत नाही. १२ मे रोजी खाते उघडले तर १ जुलैला पन्नास दिवसांचेच व्याज मिळते, त्यामुळे ती रक्कम कमी असणारच.

टीडीएसची मर्यादा मात्र तिमाहीला नसून वर्षाला आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून ज्येष्ठ नागरिकांसाठी ती एक लाख रुपये झाली, त्याआधी ती ५० हजार होती. वर्षभराचे व्याज एक लाखाच्या वर गेले, की १० टक्के कापले जातात, आणि तेही वरच्या भागावर नव्हे तर पूर्ण व्याजावर. ८.२ टक्क्यांच्या खात्यात १२ लाख असतील तर वर्षाचे व्याज ९८,४०० रुपये होते, म्हणजे कपात नाही. तेच १३ लाख असले तर १,०६,६०० होते आणि पूर्ण रकमेवर कपात होते.

मर्यादा वार्षिक असल्यामुळे त्याच खात्यात दोन वेगवेगळी चित्रे दिसू शकतात. १५ लाखांच्या खात्याचे वर्षाचे व्याज १,२३,००० रुपये होणार हे आधीच धरून कपात झाली, तर चारही वेळा २७,६७५ रुपये जमा होतात. उलट मर्यादा प्रत्यक्ष ओलांडेपर्यंत थांबून कपात झाली, तर पहिल्या तीन वेळा पूर्ण ३०,७५० येतात, कारण तिघांची बेरीज ९२,२५० म्हणजे लाखाच्या आतच राहते. चौथ्या जमेला मात्र सबंध वर्षाचे १२,३०० रुपये एकदम कापले जातात आणि खात्यात १८,४५० एवढेच पडतात. जानेवारीत अशी रक्कम पाहून काउंटरवर आवाज चढतात, पण बेरीज करून पाहिली तर दोन्ही प्रकारांत वर्षाला १,१०,७०० रुपयेच हाती येतात. एकट्या जमेवरून कपात चूक की बरोबर हे ठरवता येत नाही. वर्षाच्या चार जमा शेजारी शेजारी मांडल्या, तरच ते कळते.

खरी चूक ओळखण्याची एक खूण आहे. १५ लाखांच्या खात्यात चारही वेळा २४,६०० रुपये आले, म्हणजे दर वेळी ६,१५० कापले गेले, तर ती कपात २० टक्क्यांची आहे. पॅन खात्याला जोडलेला नाही, चुकीचा नोंदला आहे किंवा आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झाला आहे, असा त्याचा अर्थ होतो. ऐंशी ओलांडलेल्यांना आधार-पॅन जोडणीतून सूट आहे. इतरांनी ही गोष्ट आधी तपासावी, मग बाकीचे.

आता कापलेला कर आपल्या नावावर सरकारजमा झाला का, हा भाग. incometax.gov.in या संकेतस्थळावर स्वतःच्या पॅनने शिरून `e-File` मधून `View Form 26AS` उघडले, की कर कापणाऱ्यांची यादी दिसते. खाते एखाद्या छोट्या डाकघरात असले तरी कापणाऱ्याचे नाव म्हणून मुख्य डाकघर दिसू शकते, त्यामुळे ‘हे पोस्ट माझे नाही’ म्हणून ती नोंद सोडून देऊ नये. नावापुढच्या तपशिलात दिलेल्या व्याजाची रक्कम, कापलेला कर आणि जमा झालेला कर असे रकाने असतात. व्याजाच्या रकान्यात आपला ३०,७५० हा पूर्ण आकडा दिसला पाहिजे, २७,६७५ नव्हे. नोंदीसमोर `F` हे अक्षर असेल तर ती नोंद पक्की, `U` असेल तर जुळणी झालेली नाही.

इथे घाई करून उपयोग नसतो. १ जुलैला जमा झालेले व्याज त्याच तारखेला नोंदले गेले, तर ते जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत मोडते आणि त्या तिमाहीचे विवरण भरायला कापणाऱ्याला ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत असते. म्हणजे जुलैत कापलेला कर दिवाळीच्या सुमारास २६एएसमध्ये उमटला, तरी त्यात काही वावगे नाही. जानेवारीतल्या कपातीची मुदत ३१ मे आहे. त्यामुळे जूनच्या मध्याआधी स्वतःचे आयकर विवरणपत्र भरणारे बहुतेक वेळा अपुऱ्या माहितीवर भरतात. विवरण भरण्याची मुदत संपल्यापासून पंधरा दिवसांत कापणाऱ्याने फॉर्म १६ए द्यायचा असतो. पोस्टात तो मागून घ्यावा, आपण होऊन कोणी हातात ठेवील अशी अपेक्षा धरू नये.

मार्चअखेरच्या व्याजाची गोष्ट थोडी किचकट आहे. जानेवारी ते मार्चचे व्याज १ एप्रिलला किंवा त्यानंतरच्या कामकाजाच्या पहिल्या दिवशी हाती येते, म्हणजे नव्या आर्थिक वर्षात. पण कापणाऱ्याने ते ३१ मार्चच्या तारखेला नोंदले, तर २६एएसमध्ये ते जुन्या वर्षात दिसते. व्याज हाती आल्यावर मोजायचे की देय झाल्यावर, हे ठेवीदाराने ठरवावे आणि दरवर्षी तीच पद्धत ठेवावी. ज्या वर्षी उत्पन्न दाखवले त्याच वर्षी त्याच्यावरच्या टीडीएसची वजावट मिळते, आणि उरलेली विवरणपत्रातच पुढच्या वर्षी ओढता येते. व्याज एका वर्षात आणि टीडीएस दुसऱ्या वर्षात, अशी सोयीस्कर सरमिसळ केली, की नोटीस येते.

कपातच नको असेल तर फॉर्म १५एच आहे. वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावर कर शून्य येत असेल तरच तो द्यायचा. समजा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचे २०२५-२६ चे निवृत्तिवेतन ४,२०,००० आणि या योजनेचे व्याज १,२३,००० आहे. एकूण ५,४३,००० मधून नव्या पद्धतीतली ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, की ४,६८,००० उरतात. बारा लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे त्यावर कर शून्य येतो, म्हणून ते १५एच देऊ शकतात. तो दरवर्षी नव्याने, पहिल्या जमेच्या आधी, जिथे जिथे ठेव आहे तिथे तिथे द्यावा लागतो. मागच्या वर्षी दिला होता हे उत्तर चालत नाही. पोच घेतलेली प्रत घरी ठेवावी, कारण अर्ज टेबलावरून संगणकात गेला नाही असे पुढच्या जमेलाच कळते. एकदा कापलेले पैसे पोस्ट परत करीत नाही. ते विवरणपत्र भरून परताव्यानेच मिळतात. आणि या गृहस्थांना १५एच दिला तरी विवरणपत्र भरावेच लागते, कारण उत्पन्न चार लाखांच्या वर आहे.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. या नोंदीत रुळलेले जुने क्रमांक ठेवले आहेत.

संयुक्त खाते फक्त पती-पत्नीचे असते आणि त्यातली सगळी ठेव पहिल्या नावाची मानली जाते, त्यामुळे टीडीएसही पहिल्याच पॅनवर दिसतो. दुसऱ्या नावाच्या पॅनवर शोधून हाती काही लागत नाही. दोघांनी बारा-बारा लाखांची वेगळी खाती उघडली तर कपात टळते खरी, पण पत्नीच्या खात्यातला पैसा पतीने दिलेला असेल तर त्याचे व्याज पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. कपात न होणे म्हणजे करमाफी नव्हे.

खाते बघायचे तर एक तपासणी अजून आहे. एप्रिल २०२२ पासून पोस्ट हे व्याज रोखीने देत नाही. ते जोडलेल्या बचत खात्यातच जाते. खाते जोडलेले नसले किंवा बंद पडले, तर रक्कम पोस्टाच्या किरकोळ खात्यात पडून राहते आणि न उचललेल्या व्याजावर व्याज मिळत नाही. कर मात्र त्या व्याजावर वेळच्या वेळी कापलेला असू शकतो.

पासबुकात कपात दिसते आणि मुदत उलटूनही २६एएसमध्ये नोंद नाही, अशा वेळी साधू वासवानी रस्त्यावरच्या आयकर कार्यालयात खेपा घालून काम होत नाही. चुकीचा पॅन किंवा राहिलेली नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार फक्त कापणाऱ्याला, त्याने सुधारित विवरण भरूनच. म्हणून अर्ज पोस्टमास्तरांच्या किंवा शाखाधिकाऱ्यांच्या नावे द्यायचा, त्यात खाते क्रमांक, जमेची तारीख, पूर्ण व्याज, कापलेली रक्कम आणि बरोबर पॅन लिहायचा, आणि पासबुकाच्या त्या पानाची व पॅनकार्डाची झेरॉक्स जोडायची. दुरुस्ती झाली की नोंद आपोआप योग्य पॅनवर येते.