«नंतर प्रयत्न करा» म्हणजे खाते लॉक झाले असे नाही

लॉगिन करताना दोन-चार वेळा पासवर्ड चुकला की पडद्यावर `Too many attempts. Try again later.` एवढीच ओळ उमटते. नंतर म्हणजे किती वेळाने, हे त्यात नसते. खाते बंद झाले आहे की नुसते थांबायचे आहे, हेही कळत नाही. या एका ओळीमागे दोन अगदी वेगळ्या अवस्था असू शकतात आणि त्यांतली कोणती आपल्या वाट्याला आली आहे हे न ओळखता केलेला उपाय बहुधा उलटा पडतो.

पहिली अवस्था प्रतीक्षाकाळाची. सेवेच्या सर्व्हरवर एक मोजणी चालू असते: ठरावीक वेळात किती चुकीचे प्रयत्न झाले. मर्यादा गाठली की पुढचे प्रयत्न तपासलेच जात नाहीत, ते दारातूनच परत पाठवले जातात. खात्यात मात्र काहीही बदललेले नसते. वेळ सरते, मोजणी खाली येते आणि दार आपोआप उघडते.

दुसरी अवस्था खऱ्या लॉकची. इथे खात्याच्या नोंदीवर «बंद» अशी खूण केलेली असते आणि ती वेळ गेल्याने पुसली जात नाही. ती काढण्यासाठी कोणीतरी काहीतरी करावे लागते: मालकाने ओळख पटवून पासवर्ड बदलणे, ईमेलवर आलेल्या दुव्यावरून खाते उघडणे किंवा प्रशासकाने लॉक काढणे. सिमकार्डाचे उदाहरण यासाठी सर्वांत स्वच्छ आहे. पिन साधारणपणे तीनदा चुकला की सिम मोबाइल कंपनीकडून मिळणारा पीयूके कोड मागते, आणि तुम्ही महिनाभर थांबलात तरी ते पीयूकेच मागत राहते.

नाव काय दिले आहे यावरून मात्र निर्णय करू नये. विंडोजमध्ये प्रशासक खाते लॉक होण्याचा कालावधी मिनिटांत ठरवू शकतो. तो 30 ठेवला तर त्याला «लॉक» म्हटले जात असले तरी अर्ध्या तासाने ते आपोआप सुटते, म्हणजे वागणुकीने तो प्रतीक्षाकाळच असतो. तोच आकडा 0 ठेवला तर त्याचा अर्थ «लगेच उघडा» असा होत नाही, तर «प्रशासक उघडेपर्यंत बंद» असा होतो. म्हणून अवस्था कशाने संपते, वेळेने की कोणाच्या कृतीने, हाच खरा फरक आहे असे मी मानतो.

संदेशात तपशील का नसतो, याला कारण आहे. थांबण्याचा नेमका वेळ सांगितला, तर पासवर्ड ओळखू पाहणारा प्रोग्राम त्याच ठोक्यावर प्रयत्न करत राहू शकतो. «हे खाते लॉक आहे» असे सांगितले, तर त्या नावाचे खाते अस्तित्वात आहे हे परक्याला फुकटात कळते. ही कारणे योग्य आहेत. तरीही त्याची किंमत खऱ्या मालकाला मोजावी लागते, आणि ज्या सेवा निदान प्रतीक्षाकाळ आणि लॉक एवढा भेदही सांगत नाहीत त्या मालकावर अन्याय करतात असे मला वाटते.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो वाट पाहूनही दार न उघडल्यावर. एक दिवस थांबलो, तरी तोच संदेश, म्हणजे खाते कायमचे गेले, असा निष्कर्ष माणूस काढतो. तो अनेकदा चुकीचा असतो. समजा, एका सेवेचा नियम असा आहे की मागच्या 60 मिनिटांत पाच किंवा अधिक चुकीचे प्रयत्न असतील तर नवा प्रयत्न नाकारायचा, आणि नाकारलेला प्रयत्नही मोजायचा. ही साठ मिनिटे घड्याळाच्या तासाला बांधलेली नसतात. ती प्रत्येक क्षणापासून मागे मोजली जातात. आता मालकाने काल पासवर्ड बदलला आहे, पण घरातल्या जुन्या टॅबलेटवरचे ईमेल ॲप अजून जुनाच पासवर्ड घेऊन दर 10 मिनिटांनी मेल आणायला जाते. म्हणजे तासाला सहा चुकीचे प्रयत्न, तेही कोणी बोट न लावता. मालक रात्रभर शांत बसला तरी मोजणी सहावरच राहते आणि सकाळी तोच संदेश दिसतो.

त्याने टॅबलेट बंद केला तर काय होते, ते मोजून पाहू. शेवटचा प्रयत्न झाला त्या क्षणी मागच्या तासाभरात सहा नोंदी आहेत, त्यांतली सर्वांत जुनी 50 मिनिटांपूर्वीची. दहा मिनिटे गेली की ती गळते आणि पाच उरतात. दार अजून बंदच. वीस मिनिटे उलटली की आणखी एक गळते, चार उरतात आणि पहिल्यांदाच एक प्रयत्न तपासला जातो. मात्र मधल्या वेळात मालकाने «उघडले का» म्हणून दोनदा डोकावून पाहिले असेल, तर त्या दोन नोंदी मोजणीत भरतात आणि आणखी वीस मिनिटे लागतात. रात्रभर थांबून जे झाले नाही, ते टॅबलेट बंद केल्यावर काही मिनिटांत होते.

सगळ्याच सेवा नाकारलेले प्रयत्न मोजत नाहीत. काही ठिकाणी घड्याळ पहिल्या अडवणुकीपासून सुरू होते आणि नंतरच्या धडपडीने हलत नाही. बाहेरून हे दिसत नसल्यामुळे मधे अजिबात प्रयत्न न करणे हेच दोन्हीकडे चालणारे वागणे आहे.

ओळखण्याच्या काही खुणा आहेत. संगणकावर ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्कच्या यादीत लॉगिनच्या विनंतीचे उत्तर पाहावे. तिथे कधी कधी हे सापडते:

```
HTTP/1.1 429 Too Many Requests
Retry-After: 900
```

429 हा अतिविनंत्यांसाठीचा कोड 2012 साली आरएफसी 6585 या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात आला. खालचा आकडा सेकंदांत आहे, म्हणजे पंधरा मिनिटे. पडद्याने जे सांगितले नाही ते इथे लिहिलेले असते. पण ही दुसरी ओळ देणे सेवेवर बंधनकारक नाही आणि काही सेवा 429 सुद्धा देत नाहीत, त्यामुळे ती न दिसल्यावरून काही ठरवू नये.

दुसरी खूण जाळ्याची. वायफाय सोडून मोबाइल डेटावरून एकदाच, खात्रीच्या पासवर्डने प्रयत्न करावा. आत गेलात तर मोजणी खात्यावर नव्हती, इंटरनेट जोडणीच्या आयपी पत्त्यावर होती. एकाच वायफायवरच्या दुसऱ्या कोणाच्या चुकांमुळेही ती भरलेली असू शकते. तिसरी खूण आधीपासून उघडलेल्या लॉगिनची. प्रतीक्षाकाळ सहसा फक्त लॉगिनच्या दारावर असतो, त्यामुळे दुसऱ्या फोनवर खाते चालूच राहते. सुरक्षेसाठी केलेल्या लॉकमध्ये पुष्कळदा तिथूनही बाहेर काढले जाते आणि नोंदवलेल्या ईमेलवर सूचना येते.

या संदेशावरून आपला पासवर्ड चुकीचा आहे असे मात्र ठरवू नये. अडवणूक चालू असताना बरोबर पासवर्डालाही हेच उत्तर मिळते, कारण तो तपासलेलाच नसतो. त्या गैरसमजातून माणसे लक्षात असलेला योग्य पासवर्ड सोडून भलतेच टाकत सुटतात, आणि दार उघडते त्याच क्षणी चुकीच्या प्रयत्नाने ते पुन्हा बंद करून घेतात.