कार्बनला किती वेळ द्यायचा?

लोखंड लाल करून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, हे बहुतेक सगळ्यांना ठाऊक असतं. त्यातलं निम्मंच खरं आहे. साध्या खिळ्याच्या किंवा तारेच्या पोलादात कार्बन फार कमी असतो. ते कितीही लाल करा, कितीही थंड पाण्यात बुडवा, फारसा फरक पडत नाही. आणि ज्या पोलादाला हा उपाय खरोखर लागू पडतो, ते नुसतं बुडवून तसंच वापरायला घेतलं, तर पहिल्याच दणक्यात त्याचा तुकडा उडू शकतो.

अ‍ॅनीलिंग, नॉर्मलायझिंग, क्वेंचिंग आणि टेंपरिंग ही चार नावं पुस्तकात एका तक्त्यात येतात. भट्टीत थंड, हवेत थंड, पाण्यात थंड, पुन्हा थोडं गरम. तक्ता पाठ होतो आणि परीक्षेनंतर विसरतो, कारण हे सगळं कशामुळे घडतं ते त्यात नसतं. माझ्या मते चारही प्रक्रियांमागे प्रश्न एकच आहे: पोलादातल्या कार्बनला इकडून तिकडे सरकायला आपण किती सवड देतो?

एक उदाहरण धरू. ०.४५ टक्के कार्बन असलेलं साधं पोलाद, १२ मिलिमीटर जाडीची गोल सळई, तिचे सारखे तुकडे. ०.४५ टक्के हे वजनात झालं. अणू मोजले तर लोखंडाच्या साधारण ४८ अणूंमागे कार्बनचा एक अणू पडतो. सगळे तुकडे भट्टीत ८५० अंश सेल्सिअसला तापवायचे आणि उष्णता गाभ्यापर्यंत पोचावी म्हणून अर्धा तास तिथेच राहू द्यायचे.

आत काय होतं? नेहमीच्या तापमानाला लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध असे बसलेले असतात. ८५० अंशांना ते मांडणी बदलतात: आठ कोपऱ्यांवर आणि सहा बाजूंच्या मध्यावर. या मांडणीला ऑस्टेनाइट म्हणतात. गंमत अशी की ही दुसरी मांडणी जास्त दाट आहे, तरीही कार्बनला तीच मानवते. पहिल्या मांडणीत मोकळी जागा एकूण जास्त असली, तरी ती बारीक बारीक फटींत वाटली गेलेली असते. दुसरीत ती थोड्या पण मोठ्या पोकळ्यांत असते, आणि त्या पोकळीत कार्बनचा अणू कसाबसा मावतो. म्हणून ऑस्टेनाइट दोन टक्क्यांपर्यंत कार्बन सामावून घेऊ शकतो. थंड मांडणीत, म्हणजे फेराइटमध्ये, ही मर्यादा जास्तीत जास्त ०.०२ टक्के आहे.

आता तुकडा थंड होऊ लागला की लोखंडाला जुन्या मांडणीत परतायचं असतं आणि तिथे कार्बनला जागा नसते. त्याला बाहेर पडावंच लागतं. बाहेर पडायला वेळ लागतो, आणि जसजसं तापमान उतरतं तसतशी त्याची चाल मंदावते. इथून पुढे चार वाटा फुटतात.

पहिला तुकडा भट्टीतच ठेवून भट्टी बंद केली. ती तासाला वीस-तीस अंशांनी थंड होत गेली. हे अ‍ॅनीलिंग. इथे कार्बनला सवडच सवड आहे. आधी निव्वळ फेराइटचे दाणे तयार होतात आणि त्यातला कार्बन उरलेल्या ऑस्टेनाइटमध्ये ढकलला जातो. ७२७ अंशांच्या खाली त्या उरलेल्या भागाचं पर्लाइट होतं: एक पट्टी मऊ फेराइटची, एक पट्टी कडक सिमेंटाइटची, पुठ्ठ्यांच्या थप्पीसारखी. सिमेंटाइट म्हणजे लोखंडाचे तीन अणू आणि कार्बनचा एक. सावकाश थंड झालेल्या तुकड्यात या पट्ट्या जाड असतात, कारण कार्बनला लांबवर जाऊन गोळा होता आलं. हा तुकडा कडकपणाच्या ब्रिनेल मापावर साधारण १६५ भरतो. लेथवर सहज कापला जातो, वाकवला तर वाकतो, आणि आधीच्या कामाने आत साठलेले ताण निघून गेलेले असतात.

दुसरा तुकडा भट्टीतून काढून मोकळ्या, स्थिर हवेत ठेवला. हे नॉर्मलायझिंग. पर्लाइट इथेही होतं, पण कमी तापमानाला आणि घाईत. कार्बन थोडंच अंतर चालतो, म्हणून पट्ट्या पातळ आणि दाणे बारीक. ब्रिनेल १८० ते २०० च्या दरम्यान. आकड्यात फरक किरकोळ वाटतो, पण घण किंवा प्रेसखाली घडवलेल्या जॉबला या प्रक्रियेची खरी गरज असते. घडवताना कुठे दाणे मोठे झालेले असतात, कुठे बारीक. नॉर्मलायझिंगमध्ये जुने दाणे मोडून सगळीकडे नवे आणि एकसारखे दाणे येतात. पुढे तो जॉब हार्डनिंगला गेला, तर वेडावाकडा होण्याची शक्यता कमी होते.

तिसरा तुकडा पाण्यात. या क्वेंचिंगवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पोलादाच्या सगळ्या कहाणीत मला सर्वात आवडणारी घटना इथे घडते.

या पोलादाला ५५० अंशांच्या आसपासचा टप्पा सेकंदभराच्या आत ओलांडायला लावला, तर पर्लाइटला सुरुवात करायला वेळच मिळत नाही. कार्बन जिथे आहे तिथेच अडकतो. ऑस्टेनाइट तसाच, अस्वस्थ अवस्थेत, खाली येत राहतो. साधारण ३३० अंशांना त्याचा धीर सुटतो. आता कार्बन बाहेर पडण्याची वाट न पाहता लोखंडाचे अणू हजारोंच्या रांगांनी, एकमेकांचा शेजार न सोडता, एकदम सरकतात. प्रत्येक अणू एका अणूच्या रुंदीपेक्षाही कमी हलतो. नवी पाती सेकंदाला किलोमीटरच्या घरातल्या वेगाने वाढतात. ही रचना म्हणजे मार्टेन्साइट. जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांचं नाव तिला १८९५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फ्लोरिस ऑस्मों यांनी दिलं. अडकलेल्या कार्बनमुळे घन एका दिशेने ताणला जाऊन लांबोडा होतो आणि अणूंची सगळी जाळी ताणाखाली येते. अणूंच्या थरांना आता एकमेकांवरून घसरता येत नाही, आणि धातू दबतो किंवा वाकतो तो या घसरण्यामुळेच. म्हणून कडकपणा एकदम ६०० ब्रिनेलच्या आसपास जातो. अशा तुकड्यावर कानस चालवली तर ती चावत नाही, काचेवर घसरावी तशी घसरते. भट्टीत वरच्या कातडीतला कार्बन जळालेला असेल, तर सुरुवातीला कानस थोडी चावते आणि मग घसरू लागते. एवढ्यावरून ‘तुकडा कडक झालाच नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

इथेच धोकाही आहे. ऑस्टेनाइट दाट आणि मार्टेन्साइट सैल, म्हणून या बदलात पोलाद फुगतं. कातडी आधी थंड होते, आधी फुगते आणि ठिसूळ होऊन बसते. गाभा नंतर फुगतो आणि त्या ठिसूळ कातडीला आतून ताणतो. मग टिक असा आवाज येतो आणि तडा जातो. कधी हा आवाज लगेच येतो, कधी काही तासांनी, जॉब टेबलावर पडून असताना. धारदार आतले कोपरे, भोकं, जाडीत अचानक बदल, तडा तिथूनच सुरू होतो.

पाण्याचाही एक खोडसाळपणा आहे. लाल पोलादाभोवती वाफेचा पडदा तयार होतो आणि तो उष्णता अडवतो. पडदा एका बाजूला टिकला, दुसरीकडे फाटला, तर तुकड्यावर मऊ डाग राहतात. म्हणून तुकडा पाण्यात नुसता टाकत नाहीत, हलवत राहतात. पाण्यात मीठ घातलं तर पडदा लवकर फाटतो. तलवारीला रक्तात किंवा मूत्रात पाणी दिल्याच्या आख्यायिका जगभर सांगितल्या जातात आणि त्यातून पात्यात काही दिव्य गुण उतरल्याचं ऐकवलं जातं. दोन्ही खारट द्रव आहेत, एवढंच त्यातलं रसायन. मिठाच्या पाण्याची बादली तेच काम करते, आणि कोणाला मारावं लागत नाही.

तेलात बुडवलं तर थंड होण्याचा वेग कमी आणि तडा जाण्याची भीतीही कमी. पण आपल्या साध्या पोलादाला तेलाचा वेग बहुतेक वेळा अपुरा पडतो आणि आत पर्लाइट शिरतं. क्रोमियम, मॉलिब्डेनम किंवा निकेल मिसळलेल्या पोलादांत पर्लाइट तयार व्हायलाच उशीर लागतो, म्हणून ती तेलात, काही तर नुसत्या हवेतही, पूर्ण कडक होतात. जाड जॉबसाठी मिश्र पोलाद वापरतात ते मुख्यतः यासाठी. जाड तुकड्याचा गाभा पाण्यातही वेगाने थंड होऊ शकत नाही.

क्वेंच केलेला तुकडा कडक असतो, पण आदळला तर काचेसारखा फुटतो. म्हणून हाताला कोमट लागेपर्यंत थंड झाला की लगेच चौथी पायरी, टेंपरिंग. इथे कार्बनला मोजून मापून थोडी मोकळीक द्यायची असते. २०० अंशांना तासभर ठेवलं, तर कार्बन अगदी जवळपासच सरकून अतिसूक्ष्म कण बनवतो. जाळीवरचा ताण उतरतो, कडकपणा मात्र ५०० च्या वरच राहतो. धार टिकवायची असेल तर एवढंच पुरे. ४०० अंशांना कडकपणा सुमारे ४०० वर येतो. ६०० अंशांना सिमेंटाइटचे गोल, मोठे कण होतात, आकडा २५०-२६० च्या आसपास उतरतो आणि धक्के खाणाऱ्या शाफ्टला हवा असलेला चिवटपणा येतो. मध्ये २५० ते ३५० अंशांचा एक फसवा पट्टा आहे. तिथे कडकपणा कमी होतो, पण धक्का सोसण्याची ताकद वाढण्याऐवजी घटू शकते. म्हणून चिवटपणा हवा असेल तिथे हा पट्टा टाळतात.

घासून चकचकीत केलेल्या पोलादावर टेंपरिंगचे रंग दिसतात: साधारण २२० अंशांना गवती पिवळा, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. हे रंग पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ थराचे आहेत, पोलादाचे नव्हेत. कमी तापमानाला जास्त वेळ ठेवलं तरी तोच निळा येतो. तेव्हा रंगावर भिस्त ठेवताना वेळही लक्षात घ्यावी.

या चारही प्रक्रियांनी एक गोष्ट बदलत नाही, आणि तिथेच बरेच लोक फसतात. भाराखाली सळई किती लवते हे लोखंडाच्या अणूंमधल्या बंधांवर ठरतं, आणि ते बंध तेच राहतात. या ताठपणाचं माप म्हणजे यंग गुणांक, आणि आपल्या सगळ्या तुकड्यांसाठी तो २०० ते २१० गिगापास्कल इतकाच भरतो. त्यामुळे चालू मशीनमध्ये लवणारा शाफ्ट हार्डनिंग करून आणला, तरी तो तितकाच लवेल. फक्त कायमचा वाकण्याआधी जास्त भार सोसेल. लवणं कमी करायचं असेल तर जाडी वाढवावी लागते. लवण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून व्यास २० टक्क्यांनी वाढवला की लवणं निम्म्याहून थोडं कमी होतं.