लाभांश कोणाला मिळतो? एक्स-डेट, रेकॉर्ड डेट आणि त्या दिवशी उतरणारा भाव

नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारच्या काकांचा प्रश्न साधा होता : "रेकॉर्ड डेटच्या दिवशी सकाळीच शेअर घेतले, मग लाभांश का नाही आला?" कॉलेज रोडवरच्या ब्रोकरच्या ऑफिसात दर निकालाच्या हंगामात कोणी ना कोणी हेच विचारत असतं.

लाभांशासाठी कुठेही अर्ज करावा लागत नाही. रेकॉर्ड डेटच्या दिवसअखेरीस ज्यांच्या डीमॅट खात्यात शेअर जमा आहेत, त्यांची यादी कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे जाते आणि पैसे त्यांनाच मिळतात. २७ जानेवारी २०२३पासून आपल्याकडे सगळे शेअर खरेदीनंतरच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी खात्यात येतात. म्हणून रेकॉर्ड डेटलाच घेतलेला शेअर यादी तयार होताना अजून विकणाऱ्याच्या नावावर असतो. काकांचं नेमकं तेच झालं.

ज्या दिवसापासून घेतलेल्या शेअरवर हा लाभांश मिळत नाही, ती एक्स-डेट. पात्र व्हायचं तर खरेदी त्याच्या आदल्या व्यवहाराच्या दिवसापर्यंत झाली पाहिजे. हल्ली दोन्ही तारखा बहुधा एकच असतात, पण नेहमी नाही. रेकॉर्ड डेट शनिवारी आली तर एक्स-डेट शुक्रवारची लागते, म्हणजे खरेदी गुरुवारपर्यंत. शिवजयंतीसारख्या दिवशी कधी बाजार चालू असतो, पण बँका बंद असल्याने सेटलमेंट, म्हणजे शेअर आणि पैशांची देवघेव, होत नाही. त्यामुळे बोटं मोजत बसू नका; एनएसई किंवा बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर एक्स-डेट दिलेली असते, तीच धरा. उलट बाजूही लक्षात असू द्या : एक्स-डेटला सकाळी शेअर विकले तरी लाभांश तुमचाच.

आता भाव. तो पैसे खात्यात आल्यावर पडतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो एक्स-डेटला बाजार उघडतानाच उतरतो. पैसे कधी कधी काही आठवड्यांनी येतात. माल लागलेली द्राक्षबाग आणि माल उतरवून झालेली बाग एकाच दराने कोणी घेणार नाही, तसंच हे. कंपनीच्या तिजोरीतून शेअरमागे २० रुपये जाणार आणि नव्या खरेदीदाराला ते मिळणार नाहीत, मग तो तेवढे कमीच देणार.

समजा, बुधवारी भाव ५०० रुपयांवर बंद झाला, लाभांश २० रुपये, एक्स-डेट गुरुवार. तुम्ही बुधवारी १०० शेअर ५०,००० रुपयांना घेतले. बाकी काही घडलं नाही तर गुरुवारी भाव ४८०च्या आसपास उघडेल. तुमच्याकडे ४८,००० रुपयांचे शेअर आणि येणारे २,००० रुपये, म्हणजे जिथे होतात तिथेच. पण लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह ६२४ रुपये कर जाईल, आणि शेअर विकून झालेला तोटा लाभांशातून वजा करता येत नाही, फक्त भांडवली नफ्यातून येतो. 'एक दिवस आधी घ्या, लाभांश खिशात घाला' हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही.

घट दरवेळी बरोबर तेवढीच दिसत नाही. ५०० रुपयांच्या शेअरवर २ रुपये लाभांश असेल तर तो रोजच्या चढउतारात हरवून जातो. मोठा असेल तर मात्र स्क्रीनवर लाल आकडा दिसतो, कारण साध्या लाभांशासाठी आदल्या दिवसाचा बंद भाव कमी करून दाखवत नाहीत. इथे एक धोका आहे. वरच्या उदाहरणात ४९०ला विक्रीचा स्टॉपलॉस, म्हणजे भाव तिथवर उतरला की विकण्याची ऑर्डर, लावून ठेवला असेल, तर काहीही वाईट घडलेलं नसताना तो उघडताक्षणी लागेल. एक्स-डेटच्या आदल्या रात्री तो तपासा.

कागदपत्रांत पाहायचं ते एवढंच : डीमॅटला जोडलेलं बँक खातं चालू आहे ना, बँकेच्या विलीनीकरणात आयएफएससी बदलला नाही ना, आणि पॅन नोंदलेला आहे ना. एका कंपनीकडून आर्थिक वर्षात १०,००० रुपयांहून जास्त लाभांश आला तर १० टक्के कर कापून पैसे येतात. पॅन नसेल तर २० टक्के. उत्पन्न करपात्र नसलेल्यांनी कर कापू नये म्हणून स्वघोषणेचा फॉर्म रजिस्ट्रारकडे वेळेत द्यावा. कागदी शेअर असतील तर केवायसी पूर्ण झाल्याशिवाय पैसे अडकून राहतात.

लाभांश जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत द्यावा लागतो. अंतिम लाभांश वार्षिक सभेत जाहीर होतो, म्हणून दिवस सभेपासून मोजा, रेकॉर्ड डेटपासून नाही. तरीही नाही आला तर आधी रजिस्ट्रारला फोलिओ किंवा डीमॅट क्रमांक, पॅन आणि रद्द केलेला धनादेश जोडून लिहा. दाद लागली नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. सात वर्षं न घेतलेली रक्कम आयईपीएफ या सरकारी निधीत जाते आणि मग ती IEPF-5 फॉर्म भरूनच सोडवावी लागते.