तिजोरीत आलेला टॅक्स आणि देशाला पडलेला भुर्दंड: सिगरेटचे दोन वेगळे हिशोब

वागळे इस्टेटमधे आमच्या गाळ्यासमोर चहाची टपरी आहे आणि तिथे रोज अकराच्या सुमारास आमचे भाऊ (वयाने मोठे, सगळेच भाऊ म्हणतात) सिगरेट पेटवून एकच डायलॉग मारतात, "अरे हे सरकार आमच्यासारख्यांच्या जीवावर चाललंय, आम्ही सोडली तर पगार कुठून देतील?" बरं यात अगदीच खोटं काही नाहीये. जीएसटीच्या काळात कितीतरी वर्षं सिगरेटच्या किमतीतला साधारण निम्मा भाग टॅक्सच होता. पण भाऊ दोन गोष्टी एकाच वहीत लिहितात, आणि सगळी गडबड तिथेच होते.

पहिली वही तिजोरीची. सरकारला सिगरेट-बिडीतून किती आले, आणि सरकारचे किती गेले. दुसरी वही देशाची, म्हणजे सरकार, भाऊ, वहिनी, भाऊंचा कारखाना, सगळे मिळून किती गमावलं. टॅक्सचे शंभर रुपये पहिल्या वहीत जमेला पडतात पण दुसऱ्या वहीत ते जमा नाही आणि खर्चही नाही, कारण भाऊंच्या खिशातून निघून सरकारच्या खिशात गेले, बस. आईने बाबांकडून शंभर घेतले म्हणून घरात शंभर वाढत नाहीत ना, तसंच. आणि भाऊंनी सिगरेट सोडली तर ते पैसे काय गादीखाली ठेवणारेत का, मोबाईल घेतील, हॉटेलात जातील, तिथेही थोडा टॅक्स लागेलच. आजारपणात गेलेला पैसा दवाखान्याच्या खिशात जातो खरा, पण त्यासाठी डॉक्टरांचा वेळ आणि औषधं खर्ची पडतात, आणि बुडालेला रोजगार तर कुठल्याच खिशात जाऊन बसत नाही, म्हणून हे दोन्ही दुसऱ्या वहीत सरळ नुकसान म्हणून लागतात.

आता आकडे. भारतासाठी 2017-18 सालचा एक अभ्यास आहे, 35 वर्षांच्या वरच्या लोकांचा, त्यात तंबाखूमुळे देशाला एकूण 1,77,341 कोटी रुपयांचा भुर्दंड निघाला, म्हणजे जीडीपीच्या एक टक्क्याहून थोडा जास्त. यातला 74 टक्के भाग ओढायच्या तंबाखूचा, बाकीचा खायच्या. आणि गाजलेलं वाक्य असं की तंबाखूच्या एक्साइजमधून 100 रुपये आले की समाजावर 816 रुपयांचा खर्च पडतो.

हे 816 ऐकून लोक दोन टोकाच्या चुका करतात. एक म्हणजे "सरकार आठपट तोट्यात आहे". नाही हो, 816 सरकारने दिलेले नाहीत. त्यातले 22 टक्के उपचाराचे आणि 78 टक्के बुडालेल्या कामाचे, म्हणजे आजारपणातले खाडे आणि वेळेआधी मेलेल्या माणसाची पुढची कमाई. 816 चे 22 टक्के म्हणजे जवळपास 180 रुपये, म्हणजे नुसते उपचार धरले तरी ते 100 च्या वर जातात. पण हा उपचाराचा आकडा एनएसएसच्या सर्वेवरून काढलाय, जिथे घरोघरी जाऊन विचारतात की आजारपणात किती गेले. म्हणजे मुख्यतः घरांचा खर्च. त्या वर्षी देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला 48.8 टक्के लोकांच्या खिशातूनच गेला होता. टॅक्स येतो तिजोरीत आणि बिल फाडतं घर, त्यामुळे तिजोरीकडे बघणाऱ्याला सगळं ठीक वाटत राहतं.

दुसरी चूक म्हणजे 816 ला अगदी काट्यावर तोललेला आकडा समजणं. ते 100 फक्त एक्साइजचे आहेत, तेही जीएसटी यायच्या आधीच्या वर्षातले, राज्यांचा व्हॅट त्यात नाही. तो मिळवला तर गुणोत्तर खाली येईल, पण टॅक्स खर्चापेक्षा जास्त असं उलटं नक्कीच होणार नाही.

एक हिशोब मांडून बघू, आकडे मी समजा म्हणून घेतलेत. रबाळे एमआयडीसीतला ऑपरेटर, पगार 22,000, रोज 15 रुपयांच्या पाच सिगरेट. दिवसाचे 75, वर्षाचे साधारण 27,400, त्यात 52 टक्के टॅक्स धरला तर वर्षाला 14,200. पंचवीस वर्षांत साडेतीन लाख, आणि जुने पैसे म्हणून 3 टक्के व्याज लावलं तर सव्वापाच लाखाच्या आसपास. आता समजा हार्टच्या दुखण्याने तो 52 व्या वर्षी गेला. साठपर्यंतची आठ वर्षं राहिली, 2.64 लाखाने 21 लाख, पण पुढचे पैसे आजच्या भावात आणायचे तर त्याच 3 टक्क्यांनी कमी करावे लागतात, ते होतात साधारण साडेअठरा. उपचाराचे 2 लाख धरा, एकूण साडेवीस.

थांबा, इथेच भाऊ म्हणतील "प्रत्येक जण थोडाच मरतो". बरोबर आहे! वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांपैकी साधारण निम्मे त्यानेच जातात, म्हणून साडेवीसचे निम्मे धरा, सव्वादहा लाख. तरी सव्वापाचच्या जवळपास दुप्पट झाले. न मेलेल्यांचा खोकला, दम, हजेरीतले खाडे यात धरलेच नाहीत.

याच माणसाच्या हातात बिडी द्या. रोज 25 चं एक बंडल, 25 रुपये समजा, टॅक्स साधारण 22 टक्के धरा, म्हणजे दिवसाला साडेपाच रुपये. पंचवीस वर्षांचे व्याजासकट पाऊण लाखही होत नाहीत, नुकसान मात्र तेच दहा लाखांचं. 2017 ला जीएसटी आला तेव्हा सिगरेटवर जो सेस बसला तो बिडीवर लावलाच नव्हता. सगळ्या देशाचं धरलं तर बिडीमुळे 2017 मधे 80,550 कोटींचं नुकसान निघालं होतं आणि बिडीची एक्साइज त्याच्या अर्धा टक्का. भाऊंचा डायलॉग सिगरेटला निदान थोडा तरी बसतो, बिडीला तर अजिबातच नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. माणूस जिवंत असता तर त्याने स्वतःवरही खर्च केला असता, तो इथे वजा केला नाही, केला तर आकडा लहान होतो. आणि किंमत पगारावर ठरते, म्हणून घरचं सगळं बघणाऱ्या बाईचा जीव कागदावर स्वस्त पडतो, हे मला स्वतःला खटकतं.

तिजोरीचीच वही खरी मानली तर काय होतं ते चेक रिपब्लिकमधे दिसलं. फिलिप मॉरिसने आर्थर डी. लिटल या कन्सल्टंट कंपनीकडून रिपोर्ट करून घेतला, 1999 चा हिशोब, निष्कर्ष असा की सिगरेटमुळे सरकारला 5.8 अब्ज कोरुनांचा निव्वळ फायदा. त्यात टॅक्स तर होताच, पण लोक लवकर मेल्याने वाचलेलं पेन्शन आणि म्हातारपणातला दवाखान्याचा खर्चही जमेला धरलेला! 2001 मधे हे बाहेर आलं आणि एवढा आरडाओरडा झाला की कंपनीला माफी मागावी लागली. गंमत म्हणजे नुसतं तिजोरी म्हणून बघितलं तर मरणं ही बचत मोजणं हिशोबात बसतंच, लोकांना ते पटलं नाही कारण त्या वहीत मेलेल्या माणसाचं स्वतःचं नुकसान लिहायला रकानाच नव्हता.

परवा भाऊंना हे सगळं सांगितलं, ते शांतपणे ऐकून घेत म्हणाले "म्हणजे माझी पेन्शन वाचवतोय मी सरकारची". मी म्हटलं भाऊ, तुम्हाला सरकारी पेन्शन कुठेय, तुमचा पीएफ आहे, तो वहिनींना मिळणार. मग त्यांनी चहा मागवला, पैसे मात्र माझ्याकडून घेतले.