रोजच्या नफा-तोट्याचा लॉग कसा वाचायचा: कुठल्या स्ट्रॅटेजीने किती कमावलं, किती अजून कागदावर आहे, किती चार्जेसमध्ये गेलं

आपल्याकडे ज्यांच्या अकाउंटवर दोन किंवा जास्त स्ट्रॅटेजी चालतात त्यांचा दर आठवड्याला एक तरी फोन येतो, की ब्रोकरच्या ॲपवर नफा वेगळा दिसतोय आणि तुमच्या लॉगमध्ये वेगळा, मग खरा कुठला? दोन्ही खरे असतात, फक्त दोघं वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतायत. ब्रोकरला तुमचं अकाउंट एकच दिसतं, आणि आम्हाला प्रत्येक स्ट्रॅटेजीचा हिशोब वेगळा ठेवायचा असतो. तीन दिवसांचं एक उदाहरण नीट बघा म्हणजे लॉगमधला प्रत्येक कॉलम कळेल. भाव उदाहरणापुरते घेतलेत, निफ्टी फ्युचरचा लॉट ७५ चा धरलाय (२०२५ मध्ये तोच होता) आणि चार्जेसचे दरही त्याच वर्षीचे.

अकाउंटवर दोन स्ट्रॅटेजी आहेत, TREND आणि REV. सोमवारी TREND ने २४,५०० ला एक लॉट घेतला, दिवसअखेरचा सेटलमेंट भाव २४,५६० आला. ६० पॉइंट गुणिले ७५, म्हणजे ४,५०० रुपये अनरिअलाइज्ड. इथपर्यंत सोपं आहे.

मंगळवारी सकाळी REV ला वाटलं भाव जास्त ताणलाय, तिने २४,६४० ला एक लॉट शॉर्ट केला. आता गंमत अशी की ब्रोकरकडे एक घेतलेला आणि एक विकलेला मिळून पोझिशन शून्य झाली, म्हणजे TREND चा सौदा कटला असं त्याच्या दृष्टीने झालं आणि मूळ भावापासून मोजलं तर १०,५०० रुपये रिअलाइज्ड नफा. पण TREND ने काही विकलेलंच नाही, ती अजून लाँग आहे! दुपारी REV ने २४,६१० ला आपला शॉर्ट कव्हर केला, तिचे ३० पॉइंट म्हणजे २,२५० रुपये रिअलाइज्ड. सेटलमेंट २४,६०० ला झालं, तेव्हा TREND चं अनरिअलाइज्ड ७,५०० वर गेलं. मंगळवारचा लॉग असा दिसतो:

```
day,strategy,realised,unreal_prev,unreal_now,unreal_chg,fees,net
TUE,TREND,0,4500,7500,3000,0,3000
TUE,REV,2250,0,0,0,-534,1716
```

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, TREND च्या मंगळवारच्या net मध्ये ७,५०० नाही आले, ३,००० च आले, कारण ४,५०० सोमवारीच मोजून झालेत. दिवसाचा नफा म्हणजे आजचं रिअलाइज्ड, अधिक अनरिअलाइज्डमध्ये कालपासून झालेला बदल, वजा चार्जेस. जे लोक एक्सेलमध्ये स्वतः हिशोब ठेवतात त्यांची सगळ्यात जास्त चूक इथेच होते, रोजचं पूर्ण अनरिअलाइज्ड बेरजेत घेतात आणि महिनाअखेर आकडा फुगलेला दिसतो.

बुधवारी TREND २४,५८० ला बाहेर पडली. रिअलाइज्ड कॉलममध्ये ६,००० दिसतील आणि बघणाऱ्याला वाटेल मस्त दिवस गेला. पण unreal_now ७,५०० वरून शून्यावर आलं, म्हणजे बदल उणे ७,५००, आणि दिवस चार्जेसच्या आधीच १,५०० रुपये तोट्याचा. ताळा हवा असेल तर कालचं सेटलमेंट २४,६००, आज विकलं २४,५८० ला, २० पॉइंट गेले, गुणिले ७५. जुळलं. म्हणून आम्ही रिअलाइज्ड आणि unreal_chg नेहमी शेजारी ठेवतो, एकटं रिअलाइज्ड बघून कुठली स्ट्रॅटेजी बंद करायची किंवा वाढवायची हे कृपया ठरवू नका.

आता ब्रोकरशी कसं जुळवायचं. फ्युचरमध्ये एमटीएम रोज लेजरमध्ये जमा किंवा वजा होतं, म्हणजे "अनरिअलाइज्ड" असलं तरी पैसे हललेले असतात. मंगळवारी ब्रोकरच्या हिशोबात आदल्या दिवशीच्या २४,५६० वरून २४,६४० ला विक्री, ८० पॉइंटचे ६,०००, नंतर २४,६१० ची खरेदी आणि सेटलमेंट २४,६००, तिथे उणे ७५०, एकूण ५,२५०. आमच्याकडे २,२५० अधिक ३,०००, तेच ५,२५०. हे जुळायचं कारण म्हणजे आम्हीही शेवटच्या सौद्याचा भाव न घेता एक्सचेंजचा सेटलमेंट भाव घेतो, तो शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची वजनी सरासरी असतो, त्यामुळे साडेतीनला स्क्रीनवर दिसलेल्या भावापेक्षा थोडा वेगळा येतो. आणि बुधवारी सगळं कटल्यावर ब्रोकरचं रिअलाइज्ड (१०,५०० उणे २,२५०) आणि आमचं (२,२५० अधिक ६,०००) दोन्ही ८,२५० च येतात. मधल्या दिवसांत मात्र रिअलाइज्डचे आकडे वेगळे राहणारच. टॅक्ससाठी ब्रोकरचाच रिपोर्ट वापरा, आमचं रिअलाइज्ड स्ट्रॅटेजी तपासायला आहे.

चार्जेसबद्दल थोडं सविस्तर, कारण छोट्या नफ्याच्या स्ट्रॅटेजीचा जीव यातच अडकलेला असतो. REV चे ते ५३४ कुठून आले? विक्रीची रक्कम १८,४८,०००, त्यावर एसटीटी ०.०२ टक्के म्हणजे ३७० रुपये, एकटा एसटीटीच दोन तृतीयांशाहून जास्त. खरेदीच्या बाजूला स्टॅम्प ड्युटी साधारण ३७, एक्सचेंजचा चार्ज दोन्ही बाजू मिळून ६४ च्या आसपास, ब्रोकरेज २० प्रमाणे दोन ऑर्डरचे ४०, सेबीचे जवळपास ४, आणि ब्रोकरेज, एक्सचेंज नि सेबी या तिघांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १९ च्या थोडं वर. ३० पॉइंट पकडले त्यातले ७ पॉइंटहून जास्त चार्जेसमध्ये गेले. चार्जेस ज्या दिवशी सौदा झाला त्याच दिवशी लागतात, म्हणून TREND ने सोमवारी नुसतं घेतलं तरी तिच्या नावावर थोडे चार्जेस दिसतात आणि मंगळवारी शून्य.

संध्याकाळी दिसतात ते चार्जेस आमचा अंदाज असतो. काँट्रॅक्ट नोट आली की फरक एका वेगळ्या fee_adj ओळीत त्याच सौद्याच्या तारखेला टाकतो, जुनी ओळ खोडत नाही, म्हणजे काय बदललं ते तुम्हाला दिसतं. दर पण तारखेप्रमाणे ठेवलेत, कारण ते बदलतात, फ्युचरवरचा एसटीटी १ ऑक्टोबर २०२४ ला ०.०१२५ वरून ०.०२ झाला तेव्हा जुन्या सौद्यांना नवा दर लावून चालणार नव्हतं. दोन स्ट्रॅटेजींची मिळून एकच ऑर्डर गेली असेल तर ब्रोकरेज क्वांटिटीप्रमाणे वाटतो. महिन्याची एपीआय फी मात्र कुठल्याच स्ट्रॅटेजीवर टाकत नाही, ती ACCOUNT नावाच्या ओळीत असते.

हे सगळं वाटप ऑर्डरवरच्या टॅगवर चालतं, आणि इथे तुमची मदत लागते. घाबरून मोबाइलवरून TREND चा लॉट हाताने विकलात तर त्या ऑर्डरला टॅग नसतो, लॉगमध्ये TREND लाँगच राहते आणि UNTAGGED ओळीत तेवढाच शॉर्ट तयार होतो. अकाउंटची बेरीज बरोबर येते पण वाटणी चुकते, आणि दुसऱ्या दिवशी स्ट्रॅटेजी नसलेला लॉट विकायला जाते, मग खरोखरचा शॉर्ट उभा राहतो. म्हणून दिवसअखेर UNTAGGED मध्ये क्वांटिटी दिसली तर रात्रीच कळवा, आम्ही ती योग्य स्ट्रॅटेजीच्या नावे लावतो.

शेवटची ओळ UNEXPLAINED, म्हणजे ब्रोकरचा आकडा वजा आमचा. फ्युचरमध्ये ती शून्य हवी. नसेल तर तो फरक आम्ही स्ट्रॅटेजींमध्ये वाटून लपवत नाही, सापडेपर्यंत तिथेच ठेवतो. ऑप्शनमध्ये मात्र लेजरशी असं रोज जुळत नाही, तिथे प्रीमियम आधीच दिलेला किंवा घेतलेला असतो आणि रोजचं एमटीएम लेजरला येत नाही, शिवाय दूरच्या स्ट्राइकला दिवसभर सौदाच झाला नाही तर शेवटचा भाव शिळा असतो. अशा ओळीपुढे आम्ही `stale` लिहितो, त्या दिवसाचं तिचं unreal_chg पक्कं धरू नका.