मुलाच्या सीटी स्कॅनचा डोस किती? एका आईच्या पत्रामागची पार्श्वभूमी

"महोदय, माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. सोसायटीतल्या घसरगुंडीवरून पडल्यामुळे आपल्याकडे त्याच्या डोक्याचा सीटी स्कॅन केला. रिपोर्ट नॉर्मल आला, त्याबद्दल आभारी आहे. परंतु त्याला किती रेडिएशन मिळाले आणि त्याचा पुढे काय परिणाम संभवतो, याचा रिपोर्टमध्ये कुठेच उल्लेख नाही. कृपया लेखी कळवावे."

ऐरोलीत राहणाऱ्या एका आईने ठाण्यातल्या एका रुग्णालयाला पाठवलेल्या पत्रातला हा मजकूर. काउंटरवर तिला "काही काळजी करू नका, अगदी सेफ आहे" एवढंच सांगितलं गेलं होतं. रेडिओलॉजी विभागात काम करणारा माणूस म्हणून मला हे उत्तर अपुरं वाटतं. तिने विचारलेला आकडा मशीनने त्याच दिवशी नोंदवून ठेवलेला असतो आणि बहुतेक वेळा तो तिला दिलेल्या सीडीतही असतो.

सीडी कॉम्प्युटरमध्ये घालून चित्रांच्या याद्या पाहिल्या, तर शेवटी `Dose Report` किंवा `Patient Protocol` नावाचं एक पान सापडतं. त्यावर चित्र नसतं, नुसता तक्ता असतो. प्रत्येक स्कॅनची एक ओळ आणि त्या ओळीत `CTDIvol` व `DLP` हे दोन महत्त्वाचे आकडे. या मुलाच्या तक्त्यात पहिल्या रकान्यात ३० आणि दुसऱ्यात ४८० असं होतं. हे आकडे तिथे कसे आले, याचा इतिहास कळला की तिच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं मिळतं.

रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात झाला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी बनवलेलं ते मशीन फक्त डोक्याचे छेद घेई आणि प्रत्येक छेदाला मिनिटं लागत. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना या शोधासाठी नोबेल मिळालं. पण डोस कसा मोजायचा, हा प्रश्न तेव्हा नवा होता. साध्या एक्स-रेमध्ये किरण एकाच बाजूने येतात. सीटीत नळी डोक्याभोवती फिरते, किरण चहूबाजूंनी येतात आणि शेजारच्या छेदांचा थोडा थोडा डोसही त्यात मिसळतो.

१९८१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या शास्त्रज्ञांनी यावर एक मोजमाप सुचवलं. त्याचंच सुधारलेलं रूप म्हणजे आजचा `CTDIvol`. पद्धत अशी: ॲक्रिलिकचा भरीव दंडगोल मशीनमध्ये ठेवायचा, त्यातल्या छिद्रांत पेन्सिलीसारखा लांब डोसमापक घालायचा आणि मधल्या व कडेच्या मोजणीतून एक आकडा काढायचा. डोक्यासाठी १६ सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल, धडासाठी ३२ सेंटिमीटरचा. मिलिग्रे हे शोषलेल्या रेडिएशनचं माप. म्हणजे पडद्यावरचा ३० मिलिग्रे हा आकडा या मुलाच्या डोक्यात मोजलेला नाही. त्याच सेटिंगवर त्या दंडगोलाला जेवढा डोस मिळाला असता, तेवढा तो आहे. पाच वर्षांच्या मुलाचं डोकं १६ सेंटिमीटरच्या दंडगोलाच्या जवळपास असल्यामुळे मेंदूला सुमारे ३० मिलिग्रे मिळाले, असं म्हणायला हरकत नाही. पोटाच्या स्कॅनमध्ये मात्र फसगत होते. ३२ सेंटिमीटर हा मोठ्या माणसाच्या धडाचा आकार आहे, त्यामुळे बारीक चणीच्या मुलाला प्रत्यक्षात पडद्यावरच्या आकड्याच्या सुमारे दुप्पट डोस मिळालेला असू शकतो. शरीराच्या आकारानुसार ही दुरुस्ती करण्याचे तक्ते अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने २०११ मध्ये दिले. म्हणून आकड्याशेजारी दंडगोल १६ चा की ३२ चा, हे लिहिलेलं असतं आणि ते वाचायलाच हवं.

दुसरा आकडा सोपा आहे. ३० मिलिग्रेचा डोस १६ सेंटिमीटर लांबीच्या भागाला दिला, म्हणून दोन्हींचा गुणाकार, म्हणजे `DLP`, ४८०. यावरून पूर्ण शरीराच्या हिशेबातला डोस, म्हणजे मिलिसिव्हर्ट, अंदाजाने काढता येतो. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यासाठी त्याला ०.००४ ने गुणतात. उत्तर येतं साधारण १.९ मिलिसिव्हर्ट. माती, हवा, अन्न आणि अवकाशातून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे या स्कॅनमधून मुलाला नऊ-दहा महिन्यांच्या नैसर्गिक रेडिएशनइतका डोस मिळाला. इथे वय फार महत्त्वाचं आहे. नवजात बाळासाठी तोच गुणक ०.०११ आहे, त्यामुळे तेवढ्याच `DLP` ला पाचच्या वर मिलिसिव्हर्ट येतात. प्रौढासाठी हिशेब एकच्या आसपास थांबतो.

आता तिच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग: याचा अर्थ काय? इथला इतिहास जास्त वादाचा आहे आणि आईबापांच्या मनातली भीती त्यातूनच आली आहे.

१९९० च्या दशकात मशीन वेगवान झाली. पूर्वी लहान मुलाला स्थिर ठेवण्यासाठी गुंगी द्यावी लागे, ती बऱ्याचदा टळू लागली आणि मुलांचे सीटी भराभर वाढले. जानेवारी २००१ मध्ये अमेरिकी वर्तमानपत्रात मुलांचे सीटी आणि कॅन्सर यांची सांगड घालणारी ठळक बातमी आली. तिच्यामागे डेव्हिड ब्रेनर आणि सहकाऱ्यांचा एका वैद्यकीय नियतकालिकातला शोधनिबंध होता. वर्षाला सीटी होणाऱ्या १५ वर्षांखालच्या सहा लाख अमेरिकी मुलांपैकी सुमारे ५०० जण पुढे कधीतरी त्या रेडिएशनमुळे कॅन्सरने दगावतील, असा त्यांचा अंदाज होता. त्याच सहा लाखांत इतर कारणांच्या कॅन्सरने होणारे मृत्यू लाखाच्या वर जातात, त्यांच्या तुलनेत ही वाढ अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी आहे, हेही निबंधात होतं. बातमीमुळे लोकांच्या लक्षात फक्त ५०० चा आकडा राहिला.

त्या नियतकालिकाच्या त्याच अंकातला दुसरा निबंध मला अधिक मोलाचा वाटतो. मुलांचे स्कॅन मोठ्या माणसांच्या सेटिंगवरच होत आहेत, वय किंवा आकार पाहून एक्स-रे नळीचा करंट कमी केला जात नाही, हे त्यात दाखवलं होतं. सुधारता येण्यासारखी चूक ही होती. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'इमेज जेंटली' मोहिमेने मुलांसाठी वेगळी, कमी डोसची सेटिंग वापरण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सुमारे दोन वर्षांच्या एका मुलाचा एकाच जागी तासाभराहून अधिक काळ, १५१ वेळा स्कॅन झाल्याची घटना घडली. पुढच्या वर्षी तिथल्याच दुसऱ्या रुग्णालयात मेंदूच्या स्कॅनमध्ये दोनशेहून अधिक प्रौढांना अपेक्षेपेक्षा कित्येक पट डोस गेल्याचं उघड झालं, तेही एका रुग्णाचे केस गळल्यावर. मग त्या राज्याने डोस रिपोर्टमध्ये नोंदवण्याचा कायदा केला, तो २०१२ पासून लागू झाला. ऐरोलीच्या आईने मागितलेली गोष्ट तिथे कायद्याने मिळते.

२००१ चा अंदाज हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या अभ्यासावर उभा होता. प्रत्यक्ष सीटी झालेल्या मुलांची पाहणी नंतर आली. २०१२ साली ब्रिटनमधल्या सुमारे १ लाख ७८ हजार जणांच्या पाहणीत, दहा वर्षांखालच्या १०,००० मुलांच्या डोक्याचा सीटी झाला तर पुढच्या दहा वर्षांत ल्युकेमियाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जास्तीचा रुग्ण दिसेल, असं निघालं. त्यावर रास्त आक्षेप आला. काही मुलांना आधीच गाठ होती, तिच्याच लक्षणांमुळे सीटी झाला, आणि नंतर गाठ सापडली म्हणून सीटीवर खापर फुटलं, असं तर नाही? ही शक्यता धरून हिशेब पुन्हा मांडल्यावर धोका कमी झाला, पण पुसला गेला नाही. २०२३ मध्ये नऊ युरोपीय देशांतल्या साडेनऊ लाखांच्या आसपास लोकांच्या पाहणीतही रक्ताच्या कॅन्सरबाबत निष्कर्ष त्याच मापाचा आला: नेहमीच्या डोसच्या एका तपासणीमागे, पुढच्या बारा वर्षांत, १०,००० मुलांत एखाद-दुसरा जास्तीचा रुग्ण.

तेव्हा त्या आईला प्रामाणिकपणे एवढं सांगता येतं: जास्तीचा धोका शून्य नाही, पण १०,००० मुलांत एक-दोन या मापाचा आहे. डोक्यात रक्तस्राव होत असेल आणि तो कळलाच नाही, तर धोका त्याहून कितीतरी मोठा. स्कॅन करायलाच हवा होता का, हा प्रश्न मात्र वेगळा. डोक्याला मार लागलेल्या ४२,००० हून अधिक मुलांच्या २००९ मधल्या अमेरिकी अभ्यासाने दाखवलं की मूल पूर्ण शुद्धीवर असेल, उलट्या, बेशुद्धी, तीव्र डोकेदुखी किंवा कवटी मोडल्याची लक्षणं नसतील आणि मार जबर नसेल, तर गंभीर इजा अत्यंत विरळ असते आणि सीटीची सहसा गरज नसते. या मुलाला पडल्यावर तीनदा उलटी झाली होती आणि तो पेंगत होता, म्हणून डॉक्टरांनी थांबायचं टाळलं. पत्राच्या उत्तरात हे कारण आलं पाहिजे.

आपल्याकडे सीटी मशीन चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. मंडळाचं कार्यालय वाशीच्या पुलापलीकडे अणुशक्तीनगरात आहे. परवानाधारक रुग्णालयात रेडिएशन सुरक्षा अधिकारी असतो, ऑपरेटरला ठराविक शिक्षण लागतं आणि मशीनची वेळोवेळी तपासणी करावी लागते. पत्र मेडिकल सुपरिंटेंडंटच्या नावे लिहिताना प्रत या सुरक्षा अधिकाऱ्याला द्यावी, कारण आकड्यांचं उत्तर त्याच्याकडेच मिळेल.

उत्तर आल्यावर तपासायचं कसं? एक ते सहा वर्षांच्या मुलांच्या डोक्यासाठी २०१८ ची युरोपीय संदर्भ पातळी `CTDIvol` ४० आणि `DLP` ५०५ आहे. ती मर्यादा नव्हे. एखाद्या स्कॅनला थोडी ओलांडली म्हणजे चूक झाली असं नसतं, पण केंद्राचे आकडे सतत वर जात असतील तर सेटिंग बघायला हवं. या मुलाचे आकडे तिच्या आत आहेत. पाच वर्षांच्या मुलाला ६० च्या आसपास `CTDIvol` दिसला, तर मोठ्या माणसाचं सेटिंग तसंच ठेवून बटण दाबलं गेलं असावं, हा माझा पहिला संशय असतो. दुसरी खूण म्हणजे ओळींची संख्या. मार लागल्यावरच्या डोक्याच्या स्कॅनला सुरुवातीचं आखणीचं चित्र सोडून एकच ओळ पुरते. दोन ओळी असतील तर मूल हललं म्हणून पुन्हा घेतला का, ते विचारावं. पोटाच्या सीटीत औषध न टोचता 'प्लेन' आणि औषध टोचून 'कॉन्ट्रास्ट' अशा दोन फेऱ्या झाल्या की डोस जवळपास दुप्पट होतो आणि मुलांमध्ये बहुतेकदा कॉन्ट्रास्टची एकच फेरी पुरेशी असते.

पुढे कधी मुलाला परळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावं लागलं, तर सीडी बरोबर असावी. ठाणे-नवी मुंबईतून पाठवलेल्या मुलांचा स्कॅन तिथे पुन्हा होतो, तेव्हा बऱ्याचदा कारण एवढंच असतं की हातात नुसता रिपोर्टचा कागद असतो आणि चित्रं घरीच राहिलेली असतात.