‘व्हिडिओ बंद करा’ म्हणण्याआधी एवढं वाचा

ज्या सहल कंपन्यांच्या गुगल जाहिराती आम्ही चालवतो, त्यांच्याकडून दर महिन्याला हमखास एक फोन येतो: “दहा दिवस व्हिडिओ जाहिरात चालू आहे, बुकिंग एकही नाही. पैसे सगळे सर्चवर टाका.” हे पत्रक त्या फोनसाठी.

समजा, एका आईने रविवारी तुमच्या कौटुंबिक सहलीचा व्हिडिओ अर्धा मिनिट पाहिला. क्लिक केलं नाही. अशा वेळी कोण करतं? ५ एप्रिलला तिने गुगलवर तुमच्या कंपनीचं नाव टाकून शोधलं आणि तुमच्या सर्च जाहिरातीवर क्लिक केलं. मग मुलांच्या सुट्ट्या, आजोबांचे गुडघे, नवऱ्याची रजा, तीन कंपन्यांची तुलना. बुकिंग झालं १९ मे रोजी, म्हणजे क्लिकनंतर ४४ दिवसांनी.

गुगल जाहिरात खात्यात क्लिकनंतरचं बुकिंग मोजण्याची मुदत सहसा ३० दिवस असते. त्यामुळे हे बुकिंग कुठेच दिसत नाही. व्हिडिओचं तर विचारूच नका: क्लिक न करता दहा सेकंद पाहणाऱ्याने तीन दिवसांत बुकिंग केलं, तरच ते सहसा त्याच्या खात्यात जमा होतं. तीन दिवसांत घरच्यांची सहल कोण ठरवतं!

म्हणून नवीन ग्राहकाचं काम हाती घेतलं की आम्ही पहिल्याच दिवशी क्लिकची मुदत ९० दिवस करतो. हा बदल मागच्या क्लिकना लागू होत नाही, त्यामुळे उशिरा केला तर तेवढे दिवस वाया जातात. आणखी एक गंमत: मुदत ९० दिवस असली, तर ते १९ मेचं बुकिंग अहवालात ५ एप्रिलच्या रकान्यात जाऊन बसतं. ताजे दहा दिवस नेहमीच रिकामे वाटतात, आणि तेच पाहून व्हिडिओ बंद होतो. बुकिंग ज्या दिवशी झालं त्या दिवशीचा हिशेब पाहायचा असेल, तर Conversions (by conv. time) हा रकाना उघडा.

व्हिडिओ बंद केला की सर्च लगेच पडत नाही, आधीच्या ओळखीवर काही आठवडे चालतं. मग कंपनीच्या नावाने होणारे शोध घटतात आणि दोष सर्चवर येतो. म्हणूनच आम्ही नावाच्या शोधांची मोहीम वेगळी ठेवतो. ‘मुलांसह सहल पॅकेज’ अशा शोधांची वेगळी. व्हिडिओ काम करतोय का, ते पहिलीत आधी कळतं. अर्थात हंगाम, बातम्या यांनीही हे शोध हलतात, त्यामुळे तो एकमेव पुरावा आम्हीही मानत नाही.

आमचा व्हिडिओ कधीच फसत नाही, असं नाही. नव्वद दिवसांनंतरही नावाचे शोध हलले नाहीत, तर तो बदलायला आम्हीच सांगतो.

तुमच्याकडून एकच हवं. फोनवर पक्की झालेली बुकिंग दर सोमवारी पाठवा, सोबत वेबसाइटवरच्या चौकशी फॉर्मचा क्रमांक. क्लिकनंतर ९० दिवस उलटले, की ते बुकिंग खात्यात चढवता येत नाही. फॉर्ममध्ये क्लिकचा माग ठेवण्याची सोय नसेल तर सांगा, ती आम्ही करून देतो. आमच्या मासिक शुल्कातच धरलेली आहे.